पन्नास वर्षांनी पुन्हा उघडलेली जखम

दोस्तांनो, आधी एक काम करा. आपापल्या गुडघ्याकडे, कोपराकडे किंवा हनुवटीकडे नीट बघा. कुठे तरी एखादा जुना व्रण सापडेलच. सायकलवरून पडलात तेव्हाचा, नाही तर पकडापकडी खेळताना फरशीवर आपटलात तेव्हाचा. रक्त आलं, खपली धरली, खपली पडली आणि खाली जराशी गुळगुळीत, फिकट कातडी उरली. आता तिथे दुखत नाही की खुपत नाही. जखम भरली, गोष्ट संपली, असंच तुम्ही म्हणाल ना?

मग आता एका म्हाताऱ्या शिपायाची हकीकत ऐका.

१७४० साली जॉर्ज अॅन्सन नावाच्या अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली इंग्लंडहून जहाजांचा एक ताफा निघाला. इंग्लंड आणि स्पेनचं तेव्हा युद्ध चालू होतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून पॅसिफिक महासागरात शिरायचं आणि स्पेनची जहाजं गाठायची, असा बेत होता. पण जहाजांवर माणसं पुरेनात. म्हणून लंडनजवळच्या चेल्सी इथे जखमी, निवृत्त सैनिकांचा जो आश्रम होता, त्याच्याशी बांधलेले म्हातारेकोतारे शिपाई गोळा करून जहाजांवर चढवले. (ज्यांना पळता येत होतं ते निघण्याआधीच पळून गेले, असं म्हणतात. शहाणेच म्हणायचे!)

१७४१ च्या मार्चपासून केप हॉर्नच्या वादळांत ताफा अडकला. महिनोन् महिने ताजं अन्न नाही. खायला वाळलेली कडक बिस्किटं, खारवलेलं मांस आणि वाटाणे. आणि मग खलाशांना तो रोग लागला, ज्याला स्कर्व्ही म्हणतात. अंगावर काळेनिळे डाग पडायचे, हिरड्या सुजून दातांवर यायच्या, त्यातून रक्त वाहायचं, दात हलायला लागायचे. माणसं पटापट मरू लागली.

ताफ्यातल्या 'सेंच्युरियन' या जहाजावरच्या धर्मोपदेशकाच्या नावाने या सफरीचा वृत्तांत १७४८ साली छापून आला. त्यात एका शिपायाची नोंद आहे. हा गृहस्थ १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइन नदीकाठच्या लढाईत जखमी झाला होता. जखमा लवकरच भरल्या, आणि पुढे कित्येक वर्षं तो ठणठणीत होता. पण स्कर्व्हीने गाठल्यावर त्याच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या जखमा पुन्हा उघडल्या! जणू कधी भरल्याच नव्हत्या. एवढंच नाही. एकदा मोडून पक्कं जुळलेलं हाडसुद्धा सांध्यातून पुन्हा सुटलं, असंही त्यात लिहिलं आहे.

वाचताना अंगावर काटा येतो. पण मला विचाराल तर या नोंदीत घाबरण्यापेक्षा विचार करण्यासारखं जास्त आहे. भरलेली जखम उघडते म्हणजे नेमकं काय सुटतं? तिथे काय धरून ठेवलेलं असतं?

धरून ठेवणाऱ्या त्या पदार्थाचं नाव कोलॅजेन. हे एक प्रथिन आहे. आपल्या शरीरातल्या सगळ्या प्रथिनांचा पाव ते तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा असतो. कातडीचा चिवटपणा त्याचाच. स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे त्याचेच. हाडात कॅल्शियम बसतं तेही कोलॅजेनच्या जाळीत. आणि जखम झाली की मधली फट भरून काढायला पेशी जे धागे विणतात, तेही कोलॅजेनचेच. तुमच्या गुडघ्यावरचा तो गुळगुळीत डाग म्हणजे कोलॅजेनचं ठिगळ!

घरी पायाचं सूप होत असेल, तर कोलॅजेन तुम्ही पाहिलंसुद्धा आहे. हाडं तासन् तास उकळली की त्यातलं कोलॅजेन पाण्यात सुटतं आणि सूप गार झालं की ते थिजतं. उकळून सुटलेल्या या कोलॅजेनला जिलेटीन म्हणतात. औषधाच्या मऊ कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा त्याचंच असतं. आता कंडरा किती चिवट आणि जिलेटीन किती लिबलिबीत! पदार्थ तोच, मग फरक कशाने पडला? उष्णतेने त्याचा पीळ सुटला. हा पीळ लक्षात ठेवा, कारण आपली सगळी गोष्ट या पिळाभोवती फिरणार आहे.

कोलॅजेनचा एक रेणू म्हणजे तीन पेडांचा दोर असतो. प्रत्येक पेड म्हणजे सुमारे हजार मण्यांची माळ. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. माळेतला दर तिसरा मणी ग्लायसिन नावाचा, कारण तीन पेड एकमेकांभोवती वळले की मध्ये जागा इतकी अरुंद उरते, की तिथे सगळ्यांत लहान मणीच मावतो. बाकीच्या मण्यांत प्रोलिन नावाचा मणी पुष्कळ असतो. प्रोलिनच्या अंगात एक छोटं पाचकोनी कडं आहे. त्यामुळे तो माळेला जिथे तिथे वळू देत नाही, ठरावीक कोनातच ठेवतो. दोर वळायला असा ताठर मणी सोयीचाच.

पण नुसता प्रोलिन पुरत नाही. माळ तयार होत असताना, पेशीच्या आतच, प्रत्येक पेडातल्या जवळजवळ शंभर प्रोलिनच्या कड्यांवर एक छोटा जोड बसवला जातो. एक ऑक्सिजनचा अणू आणि त्याला चिकटलेला एक हायड्रोजनचा. एवढंच. या जोडाला हायड्रॉक्सिल म्हणतात, आणि जोड बसलेल्या मण्याला हायड्रॉक्सिप्रोलिन.

आता तुम्ही म्हणाल, हजार मण्यांच्या माळेत शंभर ठिकाणी दोन-दोन अणू चिकटवले तर असा काय मोठा फरक पडणार? तो शास्त्रज्ञांनी मोजून पाहिला आहे. जोड बसलेलं नेहमीचं कोलॅजेन तापवत नेलं, तर साधारण ४० अंश सेल्सियसच्या आसपास त्याचा पीळ सुटू लागतो. जोड न बसलेल्या कोलॅजेनचा पीळ मात्र सुमारे २४ अंशांनाच सुटतो. आणि आपल्या शरीराचं तापमान किती? ३७ अंश! म्हणजे बिनजोडाच्या पेडांना आपल्या अंगात पीळ बसूच शकत नाही. शरीराच्या साध्या उबेने ते सैल राहतात.

थंड समुद्रातल्या कॉड माशाची गंमत इथे सांगायलाच हवी. (ज्याच्या यकृताचं तेल तुमच्या आई-बाबांना लहानपणी नाक दाबून प्यावं लागलं असेल, तोच हा कॉड.) त्याच्या कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन आपल्यापेक्षा कमी असतो आणि त्याचा पीळ पंधरा-सोळा अंशांच्या सुमारासच सुटतो. पण त्याचं काही अडत नाही, कारण तो राहतो गार पाण्यात. स्कर्व्ही झालेल्या खलाशाची पंचाईत अशी, की माशाला शोभेल असा कच्चा दोर घेऊन तो उबदार अंगाने जगत होता.

हा जोड पीळ पक्का करतो तरी कसा? पुष्कळ वर्षं असं मानत होते, की जोडामुळे पाण्याचे रेणू दोराला धरून ठेवतात. १९९८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रोनाल्ड रेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चतुर प्रयोग छापला. त्यांनी प्रयोगशाळेत लहान लहान दोर बनवले आणि त्यात हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोरिन बसवला. फ्लोरिन पाण्याला तसा धरत नाही. म्हणजे दोर कच्चा व्हायला हवा होता. झाला उलट आणखी पक्का! यावरून असं दिसलं, की जोडाचं मुख्य काम पाणी धरण्याचं नसून त्या पाचकोनी कड्याला वाकवण्याचं आहे. साधं कडं दोन्ही बाजूंना लवू शकतं. जोड बसला की ते एकाच बाजूला लवून राहतं, आणि ती बाजू नेमकी पिळाला हवी तीच असते.

बरं, हे सगळं झालं कोलॅजेनचं. यात जीवनसत्त्व क कुठे आहे?

पुष्कळांना वाटतं, की जीवनसत्त्व क स्वतःच तो जोड बनतं. तसं नाही हं. जोडातला ऑक्सिजन येतो तो आपण श्वासातून घेतलेल्या हवेतला. तो बसवण्याचं काम एक एन्झाइम करतं. त्याचं नाव प्रोलिल हायड्रॉक्सिलेज. नाव विसरलात तरी चालेल, आपण त्याला कारागीर म्हणू. या कारागिराच्या हातात हत्यार असतं लोखंडाचं, म्हणजे खरोखरच लोहाचा एक अणू. ऑक्सिजन तोडून त्याचा एक अणू प्रोलिनवर बसवायचा तो या लोहाच्या मदतीने.

लोह आणि ऑक्सिजन एकत्र आले की काय होतं, ते गच्चीवरच्या जुन्या बादलीला विचारा. गंज! इथे अगदी बादलीसारखा गंज चढत नाही, पण प्रकार त्याच जातीचा. कारागीर काम करता करता मधेच एखादी फेरी फसते, जोड बसत नाही आणि लोहाच्या अणूचा एक इलेक्ट्रॉन जातो. झालं, हत्यार निकामी. कारागीर तिथल्या तिथे अडकून बसतो. जीवनसत्त्व क येतं आणि आपला इलेक्ट्रॉन देऊन लोहाला पुन्हा पहिल्यासारखं करतं. कारागीर कामाला लागतो. म्हणजे जीवनसत्त्व क म्हणजे वीट नव्हे आणि गवंडीही नव्हे, गवंड्याची थापी साफ करून देणारा पोऱ्या आहे. तो नसला तरी थोड्याशा फेऱ्या चालतात. मग एकेक थापी अडकत जाते आणि सगळं काम थंडावतं.

जोड न बसलेल्या माळांचं काय होतं? पेशीला माल कच्चा आहे हे कळतं. ज्या पेडांना पीळ बसला नाही, ते ती बाहेर सोडत नाही. बहुतेक आतच अडवून मोडून टाकते. त्यामुळे बाहेर कोलॅजेन पोचतं ते थोडं, आणि जे पोचतं तेही कच्चं.

इथे एक बारीकसा खुलासा करतो, कारण पुस्तकांतही कधी कधी याची सरमिसळ होते. दोर पेशीबाहेर आले की शेजारी शेजारी रचले जातात आणि मग त्यांच्यामध्ये आडवे टाके घातले जातात, गोधडीला घालतात तसे. हे टाके प्रोलिनचे नसतात, लायसिन नावाच्या दुसऱ्या मण्याचे असतात, आणि ते घालणारं एन्झाइमही वेगळं, तांब्यावर चालणारं. प्रोलिनवरच्या जोडाचं काम पीळ राखण्याचं. पण पीळच नसेल तर दोर ओळीत रचणार कसे आणि टाके घालणार कशाला? शिवाय काही लायसिनवरही तसाच हायड्रॉक्सिलचा जोड बसतो, टाके टिकाऊ व्हायला तो लागतो, आणि तो बसवणाऱ्या कारागिराचं हत्यारही लोहाचंच. तिथेही जीवनसत्त्व क हवंच. म्हणजे स्कर्व्हीत दोर आणि शिवण दोन्ही बिघडतात.

आता पुन्हा त्या म्हाताऱ्या शिपायाकडे येऊ. नवं कोलॅजेन नीट होत नाही हे समजलं. पण त्याच्या व्रणातलं कोलॅजेन तर पन्नास वर्षांपूर्वी, चांगलं खातपीत असताना बनलं होतं. ते का सुटावं?

कारण ते पन्नास वर्षांपूर्वीचं नव्हतंच! आपल्या शरीरात जुने धागे कापून काढणं आणि त्या जागी नवे घालणं हे सतत चाललेलं असतं. बाहेरून व्रण तसाच दिसतो, पण आत ठिगळाची डागडुजी थांबत नाही. ही अदलाबदल सगळीकडे एकाच वेगाने होत नाही. सांध्यातल्या कुर्चेचं कोलॅजेन जवळजवळ जन्मभर टिकतं. साध्या कातडीचंही वर्षानुवर्षं राहतं. पण व्रणाच्या जागी ही कापाकापी जुन्या कातडीपेक्षा जास्त चालते, जखम भरून कितीही वर्षं झाली तरी. स्कर्व्हीत नवे धागे घालणारे हात थांबतात, कापणारे मात्र थांबत नाहीत. मग काय होणार? शेजारची धड कातडी तग धरते आणि ठिगळ उसवतं.

स्कर्व्हीची बाकीची लक्षणंही याच हिशेबाने उलगडतात. दाताच्या मुळाला जबड्याच्या हाडाशी बांधणारे जे बारीक धागे असतात, त्यांची अदलाबदल अंगातल्या सगळ्यांत जलद कामांपैकी एक. म्हणून दात हलतात. गंमत अशी, की ज्या तान्ह्या बाळांना दातच आलेले नसतात, त्यांना स्कर्व्ही झाली तरी हिरड्या तशा सुजत नाहीत. केसाइतक्या बारीक रक्तवाहिन्यांनाही बाहेरून कोलॅजेनचं अस्तर आणि आधार असतो. तो सैल झाला की जरा ताण पडताच त्या फुटतात. उभं राहिल्यावर रक्ताचा सगळा भार पायांवर येतो, म्हणून लाल ठिपके आधी पायांवर, केसांच्या मुळांभोवती दिसतात. आणि वाढत्या मुलांत हाडाच्या वरच्या पापुद्र्याखाली रक्त साठतं. ते इतकं दुखतं, की मूल पाय जवळ घेऊन पडून राहतं, चालायलाच तयार होत नाही.

हे सगळं जहाजावरच्या वृत्तांतावरूनच मानायचं का? नाही. एका डॉक्टरने ते स्वतःच्या पाठीवर करून पाहिलं.

बोस्टनमधला जॉन क्रँडन हा तरुण सर्जन. त्याच्या मनात प्रश्न आला, की शस्त्रक्रियेनंतर काही रोग्यांच्या जखमा जीवनसत्त्व क कमी पडल्यामुळे तर भरत नसतील? १९३९ साली त्याने फळं आणि भाज्या पूर्ण बंद केल्या. बाकीची जीवनसत्त्वं त्याने गोळ्यांतून घेतली, म्हणजे दोष फक्त एकाचाच राहील. ४१ दिवसांनी त्याच्या रक्तद्रवात जीवनसत्त्व क सापडेनासं झालं. पण अंगावर एकही लक्षण नाही!

तीन महिने झाले तेव्हा त्याच्या पाठीवर मुद्दाम एक छेद घेतला. तो छान भरून आला. रक्तद्रवात जीवनसत्त्व शून्य असूनसुद्धा. कारण पेशींच्या आत साठा उरलेला होता, आणि कारागिरांना तेवढ्या फेऱ्या मिळत होत्या. इथेच प्रयोग थांबवला असता, तर जखमेचा आणि जीवनसत्त्वाचा काही संबंध नाही असंच सगळे म्हणाले असते. क्रँडन थांबला नाही. आणखी काही आठवड्यांनी कातडी खरखरीत झाली, पाचव्या महिन्यानंतर पायांवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. सहा महिने झाल्यावर दुसरा छेद घेतला. दहा दिवसांनी पाहिलं, तर वरवरची कातडी जुळलेली, आणि खाली? खाली जखम भरलीच नव्हती. नुसतं साकळलेलं रक्त, धाग्यांचा पत्ता नाही. वरच्या कातडीच्या पेशी कोलॅजेनवाचूनही सरकून फट झाकू शकतात, आतली बांधणी मात्र करू शकत नाहीत.

मग त्याला रोज एक ग्रॅम जीवनसत्त्व क शिरेतून दिलं. बाकी आहार तोच. दहा दिवसांनी पुन्हा त्याच जागेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धागे आले होते. जखम भरत होती.

(मुलांनो, क्रँडन डॉक्टर होता आणि त्याच्याभोवती डॉक्टर होते. घरी भाजी न खाण्यासाठी त्याचं नाव सांगायचं नाही, कळलं?)

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. हिरड्यांतून रक्त आलं की लगेच स्कर्व्ही समजू नये. बहुतेक वेळा त्याचं कारण दातांवर साचलेलं कीटण हेच असतं. पण एखादं मूल महिनोन् महिने फक्त बिस्किट, दूध आणि शेव यांवरच राहत असेल, फळभाजीला अजिबात तोंड लावत नसेल, आणि पाय दुखतात म्हणून चालायचं टाळत असेल, तर डॉक्टरांना काय काय खातो तेही आवर्जून सांगावं. अशी मुलं आजही सापडतात, आणि आहाराची चौकशी झाली नाही तर निदान लांबतं.

दुसरी गोष्ट, किती लागतं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर प्रयोग झाले. त्यात दिवसाला अवघ्या १० मिलिग्रॅम जीवनसत्त्वाने स्कर्व्ही टळते आणि बरीही होते, असं दिसलं. आपल्याकडे मोठ्यांना सुरक्षित साठ्यासाठी रोज ६५ ते ८० मिलिग्रॅम घ्यायला सांगतात. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० असतं, म्हणजे १० मिलिग्रॅमसाठी एक लहानशी फोड पुरे. आणि भरपूर गोळ्या खाल्ल्या तर कोलॅजेन आणखी मजबूत होईल का? नाही. सगळ्या थाप्या साफ असताना आणखी पोऱ्ये आणून उभे केले, तर भिंत काही जास्त भराभर चढत नाही. जादा जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं.

जाता जाता अॅन्सनच्या जहाजांविषयी एक. सुमारे १९०० माणसं निघाली होती. त्यांतली हजाराहून जास्त मेली, आणि शत्रूच्या हातून मेलेली अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याच जहाजांच्या तळाशी तीच बिस्किटं कुरतडणाऱ्या उंदरांना मात्र स्कर्व्ही झाली नसणार. उंदीर, कुत्री, मांजरं, शेळ्या, सगळे आपल्या यकृतात साखरेपासून जीवनसत्त्व क स्वतःच बनवतात. ते बनवण्याची शेवटची पायरी करणारं एन्झाइम आपल्या पूर्वजांच्या वंशात कोट्यवधी वर्षांपूर्वी निकामी झालं. त्याचा मोडका जनुक अजून आपल्या प्रत्येक पेशीत आहे. माकडांचंही तेच झालं आहे, पण ती बिचारी जहाजावर चढत नाहीत, झाडावर बसून पेरू खातात.